आंतरराष्ट्रीय सोन्याचा भाव रुपयांत काढला तर गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, भावापेक्षा तोळ्यामागे काही हजार कमी येतो. मधले पैसे सराफ खातो का?

नाही. त्यातला बहुतेक पैसा सरकारी तिजोरीत जातो, आणि तोही सोनं कोल्हापुरात पोचायच्या आधीच. मी गुजरीतल्या पेढ्यांचे जीएसटीचे हिशेब बघतो. गिऱ्हाइकाची ही शंका काउंटरवर रोज ऐकू येते आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा अर्धवट दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्हीवर दिसणारा डॉलरचा भाव एका ट्रॉय औंसाचा, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅमचा असतो, आणि तो शुद्ध सोन्याचा. त्यामुळे तुलना २४ कॅरेटशीच करायची, २२ शी नाही. आपण इथं तोळा म्हणतो तो व्यवहारात १० ग्रॅमचा. बरेच जण औंस २८.३५ ग्रॅमचा धरतात. तो किराणा मालाचा औंस, तो इथं चालत नाही.

समजायला जुलै २०२४ चा काळ घेऊ, कारण त्या महिन्यात या फरकाचं सगळं पोट उघडं पडलं. भाव औंसाला २,४०० डॉलर आणि डॉलर ८४ रुपये धरा, दोन्ही तेव्हाच्या भावाच्या जवळचे गोल आकडे आहेत. २,४०० गुणिले ८४, भागिले ३१.१०३५, गुणिले १०, म्हणजे १० ग्रॅमला साधारण ६४,८१६ रुपये. तुम्ही काढता तो आकडा हाच.

आपल्याकडं खाणीतून निघणारं सोनं नगण्य आहे, त्यामुळं नवं सोनं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. बँका आणि नेमलेल्या संस्था ते आणतात आणि बंदरावर किंवा विमानतळावर सीमाशुल्क भरतात. तेव्हा हे शुल्क १५ टक्के होतं. ६४,८१६ वर १५ टक्के चढवले की ७४,५३८. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते ६ टक्क्यांवर आणलं: ५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि १ टक्का कृषी पायाभूत सुविधा अधिभार. त्याच सोन्याचा त्याच डॉलर भावाला हिशेब झाला ६८,७०५. परदेशात भाव जागचा हलला नाही तरी आपल्याकडं कागदावर तोळ्यामागे ५,८०० रुपये उतरले.

प्रत्यक्षात वायदे बाजारात त्या दिवशी उतरण झाली ती साधारण चार हजारांची. उरलेले कुठं गेले? ते आधीच उतरलेले होते. शुल्क जास्त असलं की चोरट्या वाटेनं सोनं येतं आणि ते शुल्क न भरता विकलं जातं. मागणीही थंडावते. मग रीतसर शुल्क भरून माल आणणाऱ्यालाही पूर्ण भाव मिळत नाही आणि व्यापारी ठोक बाजारात सूट देऊन माल काढतात. अर्थसंकल्पाआधी बाजारात अशी सूट चालू होती. शुल्क कमी झालं, गिऱ्हाईक तुटून पडलं आणि काही दिवसांत सुटीच्या जागी वरकड, म्हणजे प्रीमियम, आला. तात्पर्य, डॉलर भाव अधिक शुल्क हे गणित मधला टप्पा सांगतं. खरा भाव त्याच्या थोडा वर किंवा खाली हलत राहतो, आणि ती हालचाल मागणी-पुरवठ्याची असते.

यात एक बारकावा आहे. शुल्क रोजच्या डॉलर भावावर बसत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ साधारण पंधरा दिवसांनी १० ग्रॅमचं एक मूल्य डॉलरमध्ये जाहीर करतं. त्याला टॅरिफ व्हॅल्यू म्हणतात आणि शुल्क त्यावर मोजतात. समजा ते ७७१ डॉलर ठरलं आणि आठवड्यात बाजार ८०० वर गेला, तरी शुल्क ७७१ वरच लागतं. ६ टक्क्यांनी तोळ्यामागे दीडशेच्या आसपास रुपये वाचतात. भाव घसरला तर उलटं होतं. म्हणून तुमचं गणित आणि बाजारभाव यांत शे-दोनशेचा फरक राहिला तर लगेच कुणावर संशय घेऊ नका.

आता जीएसटी. तो ३ टक्के, १ जुलै २०१७ पासून. तो शुल्क चढलेल्या रकमेवर लागतो, म्हणजे करावर कर. ६८,७०५ वर २,०६१ रुपये धरून ७०,७६६ होतात. ६ आणि ३ मिळून ९ नाही, ९.१८ टक्के. जुन्या १५ टक्क्यांच्या वेळी तोच आकडा १८.४५ होता. पेढीतल्या फळ्यावरच्या भावात सीमाशुल्क आलेलं असतं, जीएसटी बहुधा नसतो, तो बिलात वेगळा लागतो. मुंबईच्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा भावही जीएसटी सोडूनच असतो. काही संकेतस्थळं मात्र जीएसटी धरून दाखवतात. दोन ठिकाणचे भाव ताडून बघताना आधी हेच विचारायचं: "जीएसटी धरून का सोडून?" इतक्या तक्रारी या एका प्रश्नानं मिटताना मी बघितल्या आहेत की गिऱ्हाइकानं तो पहिलाच विचारावा असं मला मनापासून वाटतं.

पेढीला तिनं खरेदीवर भरलेला जीएसटी वजा मिळतो. गिऱ्हाइकाला मिळत नाही. त्यामुळे तुमच्या खिशातून जाणारा खरा कर दोन्ही थर मिळून आहे, फक्त एक भावात दडलेला आणि एक बिलावर लिहिलेला.

दडलेल्या थराचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. आजीच्या ठुशीवर किंवा पुतळी हारावर घडवताना आजच्या दरानं शुल्क भरलेलं नसतं. तरी ती मोडीला नेली की आजचा, म्हणजे शुल्क चढलेलाच, भाव मिळतो. देशातल्या प्रत्येक ग्रॅमला आयात शुल्काचा टेकू असतो, मग ते सोनं कधीही आलेलं असो. म्हणून शुल्क उतरलं त्या दिवशी १० तोळे घरात असणाऱ्याच्या सोन्याची किंमत चाळीस हजारांनी कमी झाली, आणि चढ्या शुल्काचा माल तिजोरीत असलेल्या सराफांनाही तोच फटका बसला. नव्यानं घेणारा तेवढा सुटला.

जीएसटीचं तसं नाही. मोड देताना भाव जीएसटीविनाच मिळतो, म्हणजे घेताना दिलेले ३ टक्के परत येत नाहीत. जुनी पाटली देऊन नवी घेतली तरी जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, फक्त वरच्या फरकावर नाही. बिलात तसं दिसलं तर ते बरोबर आहे.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर त्या दिवशीचा औंसाचा भाव आणि डॉलरचा दर घेऊन १० ग्रॅमची रक्कम काढा आणि फळ्यावरच्या २४ कॅरेटच्या भावाला तिनं भागा. शुल्क ६ टक्के असेल तर उत्तर १.०६ च्या आसपास यायला हवं. शुल्काचा दर सरकार अधिसूचनेनं बदलू शकतं, म्हणून त्या दिवशी लागू असलेला आकडाच धरा. २२ चा भाव मग त्याच्या ९१.६ टक्के, काही पेढ्या ९२ धरतात. उत्तर यापेक्षा दोन-तीन टक्के वर आलं तर आधी जीएसटी धरलाय का बघा. तो नसेल आणि तरीही वर असेल, तर शेजारच्या दोन पेढ्यांत भाव विचारून मगच खरेदी करा. मजुरीचा वाद वेगळा, तो या गणितात मिसळू नका.