दुसऱ्यांदा भेटायचं का? टॅरोचा स्प्रेड असा वाच

अगं, तुझी क्लायंट 'लग्न जमेल का' विचारत असेल तर आधी प्रश्न बदलून घे, कांदेपोह्यांच्या अर्ध्या तासावरून फक्त 'परत भेटायचं का' एवढंच विचारायचं. तीन कार्ड पुरतात: तिला काय दिसलं, काय दिसलं नाही, पुढच्या भेटीत काय करायचं.

तू पाठवलेल्या स्प्रेडच्या फोटोत पहिलं फोर ऑफ कप्स आहे, हाताची घडी घालून बसलेला माणूस, समोर आलेला कपही बघत नाहीये. म्हणजे स्थळ वाईट नाही, तीच कंटाळलीये (दर रविवारी कुणी ना कुणी बघायला आल्यावर कोण नाही कंटाळणार). दुसरं सेव्हन ऑफ स्वोर्ड्स, आणि तू लगेच 'मुलगा खोटारडा' म्हणून मोकळी झालीस! पण कार्ड 'न दिसलेलं' या जागेवर आलंय ना, त्यातला माणूस पाच तलवारी नेतोय, दोन मागेच राहिल्यात, म्हणजे काहीतरी अर्धवट सांगितलं गेलंय, आणि ते तिच्या बाजूनेही असू शकतं, आईबाबांसमोर कोण सगळं बोलतं. तिसरं क्वीन ऑफ स्वोर्ड्स, तेही सरळ आलंय, म्हणजे स्पष्ट बोलणारी राणी, मग तिला सांग, उत्तर हो, भेट, पण दोघंच बाहेर, आणि थेट विचार: होकार तुझा की घरच्यांचा, लग्नानंतर राहायचं कुठे. पगार, आधीचं अफेअर हे कार्डांतून काढू नकोस, आणि नको ते आलं म्हणून चौथं कार्ड तर अजिबात ओढू नकोस.