पिक्सेल लॉसने धूसर, गॅनने अळ्या: असं का होतं?

*प्रश्न: ४ पट सुपर-रिझोल्यूशनचं मॉडेल ट्रेन करतोय. नुसत्या पिक्सेल लॉसवर फोटो धूसर येतो, व्हीजीजी लॉस आणि गॅन लावलं की शार्प येतो पण केसात आणि कापडात अळ्यांसारखं काहीतरी उगवतं. माझं नेमकं चुकतंय काय?*

कोडमध्ये चूक असेलच असं नाही, हे दोन्ही लॉस प्रामाणिकपणे आपापलं काम करतायत.

आधी धूसरपणाचं बघू. ४ पट म्हणजे छोट्या फोटोतल्या एका पिक्सेलच्या जागी तुला १६ पिक्सेल भरायचेत. समज त्यातला एक पिक्सेल काळ्या-पांढऱ्याच्या कडेवर आहे आणि छोट्या फोटोवरून तो ० की २५५ हे कळायला काही मार्गच नाही, दोन्हीची शक्यता निम्मी-निम्मी. मॉडेलने धाडस करून २५५ म्हटलं तर निम्म्या वेळा चूक शून्य आणि निम्म्या वेळा २५५ चा वर्ग, म्हणजे सरासरी साधारण ३२,५००. आणि गुपचूप १२७.५ म्हटलं तर दर वेळी १२७.५ चा वर्ग, म्हणजे साधारण १६,२५०, बरोब्बर निम्मं. मग मॉडेल करडा रंगच भरणार ना! पीएसएनआरमध्ये हा फरक ३ डीबीचा होतो, म्हणून गॅनवाल्या मॉडेलचा पीएसएनआर पडला की लगेच घाबरायचं नाही. एल१ मध्ये सरासरीऐवजी मध्यक येतो, त्यामुळे थोडं बरं दिसतं, पण खोड तीच.

पर्सेप्च्युअल लॉस पिक्सेलऐवजी व्हीजीजी-१९ च्या आतल्या फीचर्सची तुलना करतो. २०१७ च्या एसआरगॅनमध्ये पाचव्या ब्लॉकमधला चौथा कॉन्व्होल्यूशन लेयर वापरला होता, आणि तिथे पोचेपर्यंत ४ वेळा मॅक्स-पूलिंग झालेलं असतं, म्हणजे 'इथे विणकाम आहे' हे त्याला कळतं पण धागा नेमका कुठल्या पिक्सेलवर आहे याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. त्यामुळे करडा लगदा त्याला चालत नाही हे खरं, पण एकाच फीचरला पुरे पडतील अशा पिक्सेलच्या मांडण्या ढीगभर असतात आणि त्यातली कुठली घ्यायची हे तो सांगत नाही. ही मोकळी जागा लक्षात ठेव, सगळा गोंधळ इथेच होतो.

कारण आता येतो गॅनमधला डिस्क्रिमिनेटर. तो फक्त विचारतो, हा तुकडा खऱ्या फोटोतला वाटतो का? *या* फोटोत *या* जागी हेच होतं का, हे तो विचारतच नाही. माझंच सांगतो, आजीच्या लग्नाच्या फोटोचा एक छोटा स्कॅन मोठा करत होतो, नऊवारीच्या काठाची वीण स्कॅनमध्ये एका पिक्सेलपेक्षाही बारीक, म्हणजे माहिती शून्य. मॉडेलला तिथे काहीतरी टेक्श्चर तर दाखवायचंय, मग ट्रेनिंगमध्ये गवतावर, केसांवर, लोकरीवर जी वळवळ खपून गेली तीच त्याने काठावर पण खपवली. वर स्कॅनमध्ये जेपेगचे डाग होते, आणि मॉडेल स्वच्छ बायक्युबिकने लहान केलेल्या फोटोंवर शिकलेलं, त्यामुळे त्याला ते डागसुद्धा डिटेल वाटले आणि गालावर बारीक जाळी उगवली.

तुझ्या अळ्या कुठल्या जातीच्या हे ओळखायला आउटपुट परत ४ पट लहान कर आणि इनपुटशी ताडून बघ. जुळलं तर मॉडेलने फक्त मोकळ्या जागेत बनाव केलाय. रंग किंवा आकारच हललेले दिसले तर गॅनचं वजन जास्त झालंय किंवा ट्रेनिंग भरकटलंय. आणि ठरावीक अंतराने चौकटी दिसत असतील तर आधी अपसॅम्पलिंगचा लेयर तपास, ट्रान्सपोज्ड कॉन्व्होल्यूशन असेल तर बहुतेक तोच चोर.

वजनांचा अंदाज हवा असेल तर २०१८ च्या ईएसआरगॅनमध्ये पर्सेप्च्युअलला १, गॅनला ०.००५ आणि एल१ ला ०.०१ होतं. त्यांनी बॅच नॉर्मलायझेशनही काढून टाकलं, कारण खोल नेटवर्क आणि गॅन एकत्र आले की त्यानेच डाग पडायचे. तुझ्यात ते असेल तर पहिलं ते काढ.

त्यांचीच एक युक्ती मला फार आवडते: आधी नुसत्या एल१ वर ट्रेन करायचं, तिथूनच पुढे गॅनने फाइन-ट्यून करायचं, आणि शेवटी दोन्हीची वेट्स मिसळायची. खाली `psnr` म्हणजे एल१ वाल्या मॉडेलची वेट्स, `gan` म्हणजे गॅनवाल्याची, आणि `a` म्हणजे गॅनचा वाटा.

```python
mix = {}
for k in psnr:
    mix[k] = (1 - a) * psnr[k] + a * gan[k]
```

गॅनचं मॉडेल त्या एल१ वाल्यापासूनच सुरू झालेलं असलं पाहिजे हं, दोन वेगवेगळी ट्रेन केलेली मॉडेल्स अशी मिसळली तर कचरा मिळेल. `a` ०.८ पासून सुरू कर आणि खाली ये, परत ट्रेनिंग लागत नाही. माझ्या त्या फोटोत ०.६ ला अळ्या गेल्या, काठ जरा मऊ झाला, पण आजीचा चेहरा आजीचाच राहिला. फोटोत अक्षरं किंवा गाडीची नंबरप्लेट असेल तर मात्र `a` शून्यच ठेव, तिथे धूसर ३ परवडला, शार्प ८ नको.