मुनीम हरला, पण नेमका कशामुळे?

*सर, मी एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मॅडमनी लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त या निकालाची झेरॉक्स दिली आणि फॅक्ट्स, इश्यू, होल्डिंग, रीझनिंग अशी केस ब्रीफ लिहायला सांगितली. मी चार पानं लिहिली, तर शेरा मिळाला, ‘मूळ निकाल वाचलेला दिसत नाही.’ मी तो दोनदा वाचलाय. पुढच्या महिन्यात इंटर्नशिपसाठी एका वकिलांना हीच ब्रीफ नमुना म्हणून पाठवायची आहे. माझं चुकतंय कुठे? ब्रीफ सोबत जोडली आहे.*

तुझी ब्रीफ वाचली. लालमन या मुनिमाने मालक गौरी दत्तचा हरवलेला पुतण्या शोधला आणि मालकाने जाहीर केलेलं इनाम मागितलं, त्या दाव्याचा हा निकाल. निकाल तू वाचलायस हे मला पटतं, पण लिहायला बसलीस तेव्हा शेजारी गाईडही उघडं होतं. तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, ‘मुनिमाला इनामाची माहिती नव्हती, म्हणून स्वीकृती नाही, म्हणून करार नाही.’ गाईडमध्ये हेच असतं. हा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती बॅनर्जींनी मात्र एवढ्यावर निकाल दिलेला नाही, आणि मॅडमना तेच खटकलं असणार.

झेरॉक्स पुन्हा काढ आणि या वेळी शेवटचा परिच्छेद आधी वाच. खालच्या कोर्टाचा निर्णय बरोबर, अर्ज खर्चासह फेटाळला, असं तिथे आहे. म्हणजे खालच्या कोर्टाचा निर्णय तपासून बघावा म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आलेला हा रिव्हिजनचा अर्ज होता. मुनीम खाली हरला होता आणि वरही हरला. तुझ्या ब्रीफमध्ये ही वाट कुठेच नाही. खटला थेट उच्च न्यायालयातच सुरू झाला असं वाचणाऱ्याला वाटतं. वकिलाची नजर पहिल्यांदा इथेच जाते: कोण, काय मागत, कुठून कुठे आलं.

आता शेवटाकडून वर सरक आणि ‘माझ्या मते’ कुठून सुरू होतं ते शोध. त्याच्या वर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आहेत, खाली कोर्टाचं म्हणणं. या रेषेवर पेन्सिलीने आडवी खूण कर. तू ‘कोर्टाने म्हटले’ अशी सुरुवात करून जी दोन वाक्यं दिलीयस, त्यातलं एक मुनिमाच्या वकिलाचं आहे: मुलगा शोधून कळवलं, एवढ्यानेच इनामाचा हक्क मिळतो. कोर्टाने ते मान्य केलेलं नाही. पहिल्या वर्षाच्या ब्रीफमध्ये मला सर्वात जास्त वेळा दिसणारी चूक हीच.

रेषेच्या खाली कोर्ट दोन पायऱ्यांनी जातं. पहिली पायरी तुला माहीत आहे. असा दावा करारावरच उभा राहू शकतो, कराराला स्वीकृती लागते आणि माहितीशिवाय स्वीकृती नाही. जाहीर इनामाच्या बाबतीत ते काम करणं हीच स्वीकृती, असं सांगून तिथे करार कायद्याचं कलम 8 येतं. दुसरी पायरी तू गाळलीस. लालमन नोकर होता. हरवलेला मुलगा शोधणं हे मुनिमाचं नेहमीचं काम नाही, हे कोर्ट मान्य करतं. पण हरिद्वारला जायला तो तयार झाला, तेव्हा ती जबाबदारी त्याने अंगावर घेतली, आणि तीही इनाम जाहीर होण्यापूर्वी. जे करायला तो आधीच बांधलेला होता, ते करणं मालकाच्या नव्या वचनाचा मोबदला होऊ शकत नाही.

ही दुसरी पायरी का लागली, ते फॅक्ट्समधल्या एका वाक्यावरून कळतं. पत्रकं निघाली ती लालमन हरिद्वारला गेल्यावर, पण त्यातली काही त्याला तिथे पाठवली गेली होती, असं निकालात आहे. तुझ्या फॅक्ट्समध्ये हे वाक्य नाही. ते असतं तर ‘माहिती नव्हती’ असं तू इतक्या ठामपणे लिहिलंच नसतंस. पत्रक हाती पडलं असं धरलं तरी दुसऱ्या पायरीमुळे मुनीम हरतोच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी फॅक्ट्स सर्वात शेवटी लिहायला सांगतो. छापताना त्या वर जातील, पण लिहायच्या रीझनिंगनंतर. प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारायचा: ही नसती, तर कोर्टाचं कारण कोसळलं असतं का? मुलगा ऋषिकेशला सापडला, मुनिमाने तार केली, त्याला दोन सोन्याची नाणी आणि नंतर 20 रुपये मिळाले, पुढे सहा महिन्यांनी नोकरी गेली. गोष्ट म्हणून छान आहे, आणि तू त्यावर अख्खं पान घालवलंस. पण कोर्टाचं कारण यातल्या कशावरही टेकलेलं नाही. नोकर असणं, आधी पाठवलं जाणं, पत्रकं नंतर निघणं, काही त्याच्याकडे जाणं, या चार गोष्टी मात्र काढता येत नाहीत. आणखी एक: पाठवतानाच इनाम कबूल केलं होतं, असा लालमनचा दावा होता आणि तो खोटा ठरला. तो खरा ठरला असता तर ‘जबाबदारी आधी, इनाम नंतर’ हा क्रमच मोडला असता, म्हणून तो ठेव.

इश्यू तू ‘वैध करार झाला का?’ असा लिहिलायस. तो करार कायद्याच्या निम्म्या निकालांना लागू पडेल. या खटल्यातली माणसं त्यात दिसू देत. मी तुझीच ब्रीफ आवरून लिहिली, ती अशी:

फॅक्ट्स. प्रतिवादीचा पुतण्या घरातून निघून गेला. त्याला शोधायला प्रतिवादीने आपला मुनीम (वादी) प्रवासखर्च देऊन हरिद्वारला पाठवला. त्यानंतर मुलगा शोधणाऱ्याला 501 रुपये इनाम देण्याची पत्रकं काढली. काही पत्रकं वादीकडे पाठवली गेली. पाठवतानाच इनाम कबूल केल्याचं वादीचं म्हणणं खोटं ठरलं. वादीला मुलगा सापडला. इनामापैकी 499 रुपयांचा त्याचा दावा फेटाळला गेला, म्हणून हा रिव्हिजन अर्ज.

इश्यू. मुलगा शोधण्याची जबाबदारी नोकर म्हणून आधीच घेतलेल्या माणसाला, नंतर जाहीर झालेलं इनाम करार म्हणून मागता येतं का?

होल्डिंग. नाही. अर्ज खर्चासह फेटाळला.

रीझनिंग. दावा करारावरच टिकू शकतो. स्वीकृतीसाठी प्रस्तावाची माहिती व तो स्वीकारण्याचा इरादा हवा, त्यामागचा हेतू कोणता हे महत्त्वाचं नाही. शिवाय वादीवर शोधाची जबाबदारी इनामाआधीच होती, म्हणून ती पार पाडणं हा वचनाचा मोबदला ठरत नाही.

अर्ध्या पानात बसली. वादीच्या वकिलांनी दाखवलेले इंग्लंडमधले जुने निकाल आणि त्यांच्यावरची टीका यासाठी फार तर एक ओळ जोड. ‘आजच्या काळात हा निकाल अन्यायकारक वाटतो’ हा तुझा परिच्छेद मला आवडला, पण तो या चार भागांत नको. खाली ‘माझं मत’ म्हणून वेगळा दे, नाहीतर ते मत बॅनर्जींचं समजलं जाईल.

निकालाच्या माथ्यावर बारीक अक्षरात सारांश छापलेला असेल, तर तो न्यायमूर्तींचा नसतो, निकाल छापणाऱ्या संपादकाचा असतो. मी स्वतः उमेदवारीच्या दिवसांत तो सारांश उतरवून सीनियरपुढे ठेवला होता. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे कुठल्या परिच्छेदात आहे?’ मला दाखवता आलं नाही. तेव्हापासून मी रीझनिंगच्या प्रत्येक वाक्यापुढे पानाचा किंवा परिच्छेदाचा आकडा टाकतो. तूही टाक. ज्या वाक्यापुढे आकडा टाकता येणार नाही, ते गाईडमधून आलेलं असेल.

आणि वकिलांना पाठवण्यापूर्वी सायटेशन तपास. 1913 चा हा निकाल काही ठिकाणी अलाहाबाद लॉ जर्नलच्या 11 व्या खंडात दाखवतात, काही ठिकाणी 40 व्या. रोमन XI चं कुणीतरी XL वाचलं असावं, असा माझा अंदाज आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात तो खंड असेल तर उघडून बघ, नाहीतर मॅडमच्या झेरॉक्सवर जे छापलंय तेच जसंच्या तसं लिही.