बाबांना वॉशिंग मशीनवरच्या खुणा व्हॉट्सॲपवर कशा समजावून लिहू?

प्रश्न: मी टोरांटोला असते, बाबा म्हापशाला एकटेच. घरी नवीन फ्रंट लोड मशीन आलंय. त्यांनी पॅनेलचा फोटो पाठवलाय, त्यावर शब्द कमी आणि चित्रंच जास्त. काल कपडे पाण्यातच राहिले आणि दार उघडेना. काय लिहून पाठवू?

उत्तर: आधी कालचं बघू, कारण बाबांची भीती तिथेच बसली असणार. मशीन बहुतेक बिघडलेलं नाही. स्पिनचा वेग निवडायच्या बटणावर 1000, 800, 600 असे आकडे असतात आणि शेवटी पाणी भरलेल्या टबाचं चित्र किंवा तीन आडव्या रेघा असतात. त्या खुणेला 'रिन्स होल्ड' म्हणतात. कपडे चुरगळू नयेत म्हणून शेवटचं खळबळलेलं पाणी मशीन आत धरून ठेवतं आणि पुढच्या हुकुमाची वाट बघत थांबतं. पाणी आत असेपर्यंत दाराचं कुलूप सुटत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर सगळं पाणी जमिनीवर आलं असतं. हे बटण चुकून एकदा जास्त दाबलं गेलं तरी एवढं होतं.

फोटो पुन्हा मागवा, पण मशीन चालू असताना काढलेला. बंद पॅनेलवर कुठली खूण पेटलेली आहे ते कळत नाही. फ्लॅश बंद ठेवून थोडं बाजूला उभं राहून काढायला सांगा, म्हणजे चकाकी येत नाही. पावडर घालायचा खण बाहेर ओढून त्याचाही एक फोटो मागवा. दार उघडेल तेव्हा त्याच्या कडेवरच्या मॉडेल नंबरच्या स्टिकरचाही. खुणा कंपनीगणिक थोड्या बदलतात, म्हणून त्या नंबरवरून मॅन्युअल काढून एकदा ताडून बघा.

मग फोटोवर व्हॉट्सॲपच्या पेन्सिलने फक्त चार-पाच आकडे लिहा. डावीकडून उजवीकडे नको, बाबांचा हात ज्या क्रमाने जाईल त्या क्रमाने. गोल नॉबवरच्या जागा घड्याळासारख्या सांगा: 'चार वाजतात तिथे'. 'वरून तिसरं चित्र' म्हटलं की मोजणी चुकते. आणि 'स्पायरल' लिहू नका, 'चकली' लिहा. स्पिनची खूण हुबेहूब चकलीसारखी असते.

संदेश असा लिहिता येईल. आकडे आणि जागा तुमच्या फोटोप्रमाणे बदला:

> बाबा, मशीन बिघडलेलं नाही. आत पाणी अडवून ठेवायची खूण लागली होती, एवढंच. परत असं झालं तर नॉब चकलीच्या चित्रावर (1) आणा, 800 आकडा पेटेपर्यंत 2 नंबरचं बटण दाबा, मग त्रिकोणाचं बटण (3) दाबा. पाणी जाईल, कपडे पिळून निघतील. मशीन थांबल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, 'टक्' आवाज आला की दार उघडा. जोर लावून ओढू नका.
>
> चकलीवर काट मारलेली असेल तर कपडे पिळले जात नाहीत, ती नको. टबाखाली बाण असेल तर फक्त पाणी जातं. किल्लीची खूण पेटली असेल आणि दुसरी कुठलीच बटणं चालत नसतील तर ते मुलांसाठीचं कुलूप. ज्या बटणावर किल्ली आहे ते 3 सेकंद दाबून धरा. नळाचं चित्र लुकलुकलं तर मशीनमागचा नळ उघडा आहे का आणि टाकीत पाणी आहे का ते बघा.
>
> पावडर II लिहिलेल्या खणात घाला. फुलाचं चित्र सुगंधी कंडिशनरचं, तिथे पावडर नको. I चा खण रिकामा ठेवा.

शेवटची ओळ गाळू नका. I चा खण प्रीवॉशचा. प्रीवॉश निवडला नसेल तर त्या खणातून पाणी जातच नाही, पावडर तशीच बसून राहते आणि कपडे नुसत्या पाण्यात धुतले जातात. पावसाळ्यात म्हापशाच्या दमट हवेत तिचा लगेच गोळा होतो.

पावसाळ्यापुरती आणखी एक ओळ जोडा: सुती कपडे आणि टॉवेलांना 1000 ठेवा. 600 वर पिळलेला टॉवेल त्या हवेत लवकर सुकत नाही, मग त्याला कुबट वास धरतो.

चकली लावूनही पाणी गेलं नाही तर खुणांचा प्रश्न संपला, फिल्टर तुंबलाय असं समजा. तो खाली कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागे असतो. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल तर आधी पाणी निवू द्यावं, मग प्लग काढावा, खाली पसरट ताट ठेवावं आणि फिल्टर थोडा थोडा सैल करावा. हे काम बाबांनी एकट्याने, तुम्ही तिथे झोपलेल्या असताना करू नये. त्यासाठी व्हिडिओ कॉल लावा.