मॅनेजरच्या नावाने शिफारसपत्र लिहून मिळेल का?

प्रश्न: जुन्या मॅनेजरांनी वर्षापूर्वी कंपनी सोडली. नव्या कंपनीला शुक्रवारपर्यंत त्यांचं शिफारसपत्र हवंय. ते नाही म्हणणार नाहीत, पण त्यांना त्रास कशाला? त्यांच्या नावाने एक झकास पत्र कोणी लिहून देईल का?

उत्तर: त्यांना न कळवता लिहायचं असेल तर मी लिहून देणार नाही. त्यांच्या नावाखाली त्यांनी न म्हटलेलं छापणं म्हणजे बनावट दस्तऐवज. भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ३३६ आहे आणि तो खरा म्हणून वापरला तर ३४०. प्रकरण पोलिसांपर्यंत क्वचितच जातं, ऑफर मात्र जाते. पडताळणी करणारे पत्र वाचून थांबत नाहीत. ते मॅनेजरांना लिंक्डइनवर गाठतात किंवा फोन लावून "हे पत्र तुम्हीच दिलंत का?" एवढंच विचारतात. शिवाय वर्षापूर्वी कंपनी सोडलेल्या माणसाचं पत्र जुन्या लेटरहेडवर, या महिन्याच्या तारखेचं असेल तर फोनचीही गरज उरत नाही.

"नाही म्हणणार नाहीत" अशी खात्री असेल तर विचारायला दोन मिनिटं पुरतात. त्रास खरा लिहिण्याचा असतो आणि तो तुम्ही उचलू शकता. मसुदा तुम्ही करायचा, त्यांनी वाचून बदलायचा आणि स्वतःच्या मेलवरून पाठवायचा. यात काही गैर नाही, सर्रास चालतं. आजच असा मेसेज टाका:

"सर, नमस्कार. एका कंपनीत टीम लीडच्या जागेसाठी निवड झाली आहे, त्यांना शुक्रवारपर्यंत तुमचा अभिप्राय हवा आहे. देणं जमेल का? सोयीचं असेल तर मुद्दे लिहून पाठवतो, पटेल तेवढंच ठेवा. जमणार नसेल तरी मोकळेपणाने सांगा."

शेवटचं वाक्य गाळू नका. नाखुशीने दिलेला गुळमुळीत अभिप्राय नकारापेक्षा महाग पडतो.

होकार आला की अर्ध्या पानाचा मसुदा द्या: कधीपासून कधीपर्यंत त्यांच्या हाताखाली होता, तुमचं पद काय होतं आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली दोन कामं. "अत्यंत मेहनती" हे कुणालाही चिकटतं. "महिनाअखेरीचा हिशेब सहा दिवसांऐवजी तीन दिवसांत बंद होऊ लागला" हे फक्त तुमचं, अर्थात तसं घडलं असेल तरच. पत्र साध्या कागदावर असावं, सहीखाली त्यांचं तेव्हाचं आणि आताचं पद. नव्या कंपनीला ऑफिसचा मेल आयडी हवा असेल तर मॅनेजरांच्या आताच्या नोकरीतला चालेल का, हे एचआरला आधीच विचारा.

बुधवार संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा. तरीही नाही, तर तुमचं काम जवळून पाहिलेला दुसरा वरिष्ठ किंवा क्लायंट गाठा. जुन्या एचआरवर भिस्त ठेवू नका, बऱ्याच कंपन्या फक्त तारखा आणि पद कळवतात. आणि नव्या एचआरला सरळ लिहा: "मॅनेजर कंपनी सोडून गेले आहेत, संपर्क सुरू आहे, सोमवारपर्यंत मुदत मिळेल का? तोवर रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी जोडतो आहे."