‘इफेक्ट साइझ’ म्हणजे ‘परिणाम’ नव्हे

‘“इफेक्ट साइझ”ला “परिणाम-आकार” म्हणू का? आणि नमुना ठरवताना तो “गृहीत धरला” असं लिहू की “अपेक्षित होता” असं? माझा अभ्यास झोपेचे तास आणि चाचणीतले गुण यांच्या सहसंबंधाचा आहे.’

‘परिणाम-आकार’ रूढ होतो आहे, पण तुमच्या अभ्यासात मी तो टाळेन. ‘परिणाम’ म्हटलं की मराठी वाचक लगेच कारण शोधतो, आणि सहसंबंध गुणांकाला कारणाशी देणंघेणं नसतं. इथे ‘संबंधाची तीव्रता’ पुरे.

खरी मेख ‘गृहीत’मध्ये आहे. रोजच्या बोलण्यात गृहीत धरणं म्हणजे न विचारता खरं मानणं. संख्याशास्त्रात तसं नाही. r = ०.३ धरला म्हणजे ‘संबंध एवढाच आहे’ असा दावा केला नाही. ‘एवढा असेल तर तो माझ्या नजरेतून सहसा सुटू नये’ एवढंच ठरवलं. म्हणून ‘अपेक्षित’ही नेमका नाही. मी लिहीन: ‘किमान दखलपात्र तीव्रता ०.३ मानली’.

हिशेब असा (५ टक्के सार्थकता पातळी, दुपुच्छ कसोटी, ८० टक्के सामर्थ्य):

```
n = ((1.96 + 0.84) / atanh(r))^2 + 3
```

०.३ ला ८५ जण लागतात, ०.२ ला १९४. तीव्रता एक तृतीयांशाने उतरली की माणसं दुपटीहून जास्त.

आता समजा, ८५ जण घेतले आणि खरा संबंध ०.२ निघाला. तो सापडण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या आसपासच. शिवाय ८५ जणांत गुणांक साधारण ०.२१च्या वर गेला तरच सार्थक ठरतो. म्हणजे ‘सापडला’ असं जेव्हा म्हणाल, तेव्हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेलाच असेल. एखाद्या छोट्या अभ्यासातला देखणा गुणांक उचलून त्यावर आपला नमुना बेतणं म्हणूनच धोक्याचं.

साध्या समाश्रयणात स्वतंत्र चल एकच, त्यामुळे उताराची कसोटी आणि r ची कसोटी एकच, नमुनाही तोच. घोटाळा होतो तो सॉफ्टवेअरमध्ये. G*Power च्या बहुचल समाश्रयणाच्या पर्यायात r नव्हे, f² मागतात, आणि f² = r² / (1 − r²). ०.३ चा f² होतो सुमारे ०.०९९. त्या चौकटीत थेट ०.३ टाकलं तर r जवळपास ०.४८ धरल्यासारखं होतं आणि उत्तर येतं तिशीच्या आसपास. ८५च्या जागी तीसेक जण दिसले की आधी ही चौकट तपासा.

जाता जाता: ‘८५ नमुने घेतले’ असंही लिहू नका. नमुना एकच, ८५ जणांचा.