38 अंशांची खोली, फौंड्रीची धूळ आणि रायझन 7700: कूलर कुठला, केस कुठली?

प्रश्न: कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीजवळ वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मेमध्ये खोली 38 अंशांवर जाते, एसी नाही, धूळ तर विचारू नका. रायझन 7 7700 आणि आरटीएक्स 4060 घेतोय. लिक्विड कूलर घ्यावाच लागेल का? केस कुठली बघू?

उत्तर:

लिक्विड नको. चार हीटपाइपचा, 120 मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या आणि वाचलेले पैसे पुढून जाळी असलेल्या केसमध्ये घाला. तुमच्या खोलीत खरी अडचण कूलरची नाही, केसमध्ये हवा येते किती याची आहे. मी हे उलट्या क्रमाने शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं घर फुलेवाडीच्या बाजूला, तेही स्लॅबखालीच. मशीन रायझन 5 5600, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. सोबत आलेल्या छोट्या कूलरवर डिसेंबरात खोली 27 असताना रेंडरला 78 अंश यायचे. मे महिन्यात खोली 37 झाली आणि आकडा 90 ला जाऊन चिकटला. 5600 ची मर्यादाच 90 आहे. त्यानंतर तो जळत नाही, वेग कमी करत राहतो. चाळीस मिनिटांचा रेंडर तासावर गेला तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं.

कूलर बघताना नुसतं सीपीयूचं तापमान बघू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करा. 78 वजा 27, म्हणजे माझा कूलर खोलीच्या वर 51 अंशांवर चालत होता. हवेचा असो की पाण्याचा, कुठलाच कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हा फरक कमी करतो. यूट्यूबवर दिसणारे आकडे बहुधा एसीच्या खोलीतले असतात. तिथला 65 तुमच्याकडे 80 होणार, त्यात कूलरचा दोष नाही. आणि हाच हिशेब उलटाही चालतो: स्लॅबवर चुना मारून खोली तीन अंश उतरली, तर सीपीयूही साधारण तीन अंश उतरतो. तीन अंशांसाठी कूलरवर दोन-तीन हजार जादा घालणारी माणसं मी बघितली आहेत.

आता तुमच्या मशीनचा हिशेब. 7700 पूर्ण भारावर सुमारे 88 वॅट घेतो, 4060 ची मर्यादा 115 वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पॉवर सप्लायचं नुकसान धरून केसमध्ये साधारण 240 वॅट उष्णता तयार होते. ही सगळी हवेनेच बाहेर न्यायची. आपल्याकडची उन्हाळी हवा आणि कोल्हापूरची साडेपाचशे मीटरच्या आसपासची उंची धरली, तर एक सोपा ठोकताळा बसतो: वॅट दुप्पट करा आणि सीएफएमने, म्हणजे पंखे मिनिटाला किती घनफूट हवा ढकलतात त्या आकड्याने, भागा. हवा आत येऊन बाहेर पडेपर्यंत किती अंश तापते ते मिळतं.

पंख्याच्या खोक्यावरचा सीएफएम मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि फिल्टर लावल्यावर निम्म्याच्या आसपास धरा. म्हणजे 60 सीएफएम लिहिलेले दोन पंखे पुढे लावले तर हातात येतात 60. 480 भागिले 60, आठ अंश. खोली 38, बाहेर पडणारी हवा 46, आणि सीपीयूच्या कूलरला मिळणारी हवा या दोन्हींच्या मध्ये, 42-43 धरा. टॉवर कूलर 88 वॅटवर आपल्याला मिळालेल्या हवेच्या चाळीसेक अंश वर राहतो. म्हणजे 83 च्या आसपास. 7700 ची मर्यादा 95 आहे, तेव्हा विषय संपला. सोबत येणारा कूलर याच हवेत नव्वदीच्या पुढे जाईल आणि आवाज करेल तो वेगळाच.

आता हीच मशीन पुढे काच असलेल्या केसमध्ये ठेवा. हल्ली मत्स्यालयासारख्या केस मिळतात ना, त्यातली हवा बाजूच्या बोटभर फटीतून येते. समजा 25 सीएफएमच मिळाले. 480 भागिले 25, एकोणीस अंश. बाहेर पडणारी हवा 57. त्यात कितीही भारी कूलर बसवा, तो तापलेलीच हवा फिरवत बसतो. म्हणून म्हटलं, पैसे जाळीत घाला.

तुमची मशीन तयार झाल्यावर एक चाचणी करा. खोलीचा थर्मामीटर पुढच्या पंख्यासमोर ठेवा, सीपीयूवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि `HWiNFO64` मध्ये सीपीयूचं तापमान लिहून घ्या. मग बाजूचं झाकण काढा आणि पुन्हा चालवा. पाच अंशांपेक्षा जास्त उतरलं तर केस गुदमरतेय. फारसं हललंच नाही तर केस निर्दोष आहे, कूलर किंवा त्याची पेस्ट बघा. त्याच प्रोग्रॅममध्ये `Thermal Throttling (HTC)` समोर `Yes` दिसलं, तर वेग उष्णतेमुळेच कमी होतोय हे नक्की. मी ही चाचणी आधी केली असती तर कूलरच्या आधी केस बदलली असती. माझ्या जुन्या बंद तोंडाच्या केसमध्ये नवा टॉवर बसवला तेव्हा जेमतेम सहा अंश उतरले होते. जाळीची केस आल्यावर तोच टॉवर खोलीच्या वर 34 वर आला. म्हणजे 37 च्या खोलीत 71.

तर केस घेताना काय बघायचं. पुढचा सगळा भाग जाळीचा, आणि त्यामागे बारीक नायलॉनचा फिल्टर. फिल्टर एका हाताने, केबल न काढता, स्क्रू न उघडता बाहेर आला पाहिजे. दुकानात उभं राहून स्वतः काढून बघा. पुढचं अख्खं पॅनल उपसून, लाइटची वायर सोडवून काढावा लागणारा फिल्टर कुणी पंधरा दिवसांनी साफ करत नाही. मीही केला नव्हता. पॉवर सप्लायखालचा फिल्टरही मागून किंवा बाजूने ओढून निघणारा हवा. आणि कूलरची उंची बघून घ्या: डीपकूल एजी400 सारखा टॉवर 150 मिमी उंच असतो, केसमध्ये 160 मिमीची जागा लिहिलेली असली की निर्धास्त. कोर्सेअर 4000डी एअरफ्लो या वळणाची केस असेल तर 170 मिमीपर्यंत चालतं. त्यापेक्षा स्वस्तातही जाळीच्या चांगल्या केस मिळतात, नावापेक्षा जाळी आणि फिल्टर बघा.

पंखे असे लावा: पुढे दोन आत येणारे, मागे एकच बाहेर जाणारा, आणि मागच्याचा वेग थोडा कमी. वरच्या जाळीवर पंखा लावू नका, तिथे चुंबकाची फिल्टर-शीट टाका, नाहीतर मशीन बंद असताना धूळ वरून थेट ग्राफिक्स कार्डवर बसते. आत येणारी हवा जास्त असली की केसमध्ये दाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेर पडते. उलट झालं, तर यूएसबीच्या भोकातून, मागच्या स्लॉटमधून धूळ न गाळता आत ओढली जाते. हे तपासायला उदबत्ती पुरते. मशीन चालू ठेवा आणि मागच्या स्लॉटच्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर बाहेर ढकलला गेला तर ठीक, आत गेला तर मागचा पंखा आणखी हळू करा.

धुळीबद्दल तुमच्या भागासाठी खास सांगतो. शिरोलीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा फिल्टर आम्ही वर्तमानपत्रावर झटकला आणि कागदाखालून चुंबक फिरवला. करड्या धुळीत काळे कण ताठ उभे राहिले आणि चुंबकामागे सरकायला लागले. फौंड्री आणि ग्राइंडिंगचं लोखंड. हे नुसतं उष्णता अडवत नाही, ते विजेचं वाहकही आहे. माझ्याकडे वेगळाच प्रकार, गळीत हंगामात उसाचं पाचट जाळलं की काजळीची पिसं येतात, ती फिल्टरवरच अडकतात आणि वारा बंद करतात. दोन्हींवर इलाज तोच, फिल्टर. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी काढा, खिडकीसमोर धरा. पलीकडचा उजेड अंधुक दिसला की नळाखाली उलट्या बाजूने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. ओला फिल्टर लावायचा मोह आवरा.

आतली मोठी साफसफाई मेच्या तिसऱ्या आठवड्यात उरका, पाऊस सुरू व्हायच्या आधी. जून लागला की हवेतल्या ओलाव्याने तीच धूळ नमद्यासारखी घट्ट होते आणि ब्लोअरने निघत नाही. त्यात लोखंड असेल तर ओल आल्यावर बोर्डवर काय होईल याची कल्पना करा. मशीन गच्चीवर न्या, ब्लोअर वापरा, पण पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फिरून फिरून बेअरिंग जाते.

याच धुळीमुळे मी लिक्विड टाळायला सांगतोय. त्याच्या रेडिएटरच्या पट्ट्या टॉवरपेक्षा बऱ्याच जवळ असतात. तिथे धूळ कापडासारखी बसते, आणि पंखे सोडवल्याशिवाय दिसतही नाही. टॉवरच्या पट्ट्यांत साधा रंगाचा ब्रश जातो. शिवाय टॉवरमध्ये बिघडणारी वस्तू एकच, पंखा, तो कुठेही मिळतो. पंप गेला की अख्खा कूलर गेला. अडीचशे वॅट ओढणारा आय9 घेतला असतात तर माझं उत्तर वेगळं असतं.

एवढं करूनही दुपारी आकडा 90 कडे जात असेल तर बायोसमध्ये `Precision Boost Overdrive` मध्ये जाऊन मर्यादा `Manual` करा आणि `PPT Limit` 65 वॅटवर आणा (काही बोर्डांवर तो मिलिवॅटमध्ये, 65000 असा लिहावा लागतो). गेममध्ये फरक कळणार नाही, लांब रेंडरमध्ये थोडा वेळ वाढेल. मी फक्त मेमध्ये असं करतो, जूनमध्ये परत मूळ आकडा.

मशीन जमिनीवर ठेवू नका, केरसुणीची धूळ तिथेच उडते, आणि माळ्यावर तर अजिबात नको, स्लॅबखाली गरम हवा साठते. दीड फुटाचं स्टूल पुरे. आणि घरातला पाण्याचा कूलर, तो डेझर्ट कूलर, याच खोलीत असेल तर त्याचा झोत मशीनवर येऊ देऊ नका. बोअरचं पाणी असेल तर जाळीवर पांढरे क्षार बसतात, ते मात्र धुवून सहज निघत नाहीत.